आडव्या रेघेला भुलायचं नाही

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कुणाच्याही फोनमध्ये हा फोटो सापडतो. एकरेघी वहीचं पान, कडेला अंगठ्याचं टोक, मधोमध निळ्या पेनानं काढलेली नागमोडी रेघ आणि तिला वर-खाली फुटलेल्या काड्या. सोबत एकच ओळ: ‘सर, याचं नाव काय येईल?’ आकृतीत एकही अक्षर नाही. कार्बनचा C नाही, हायड्रोजनचा H नाही. तरी त्या काड्यांमध्ये एक अख्खा रेणू बसलेला आहे, आणि त्याचं नाव ओळखायचं नसून काढायचं आहे.

असा एक रेणू आपणच कागदावर काढू, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. डावीकडून उजवीकडे सहा तिरप्या रेघा एकीला एक जोडून काढा: वर, खाली, वर, खाली, वर, खाली. त्यांची दोन टोकं आणि मधले कोपरे मिळून सात बिंदू झाले. डावीकडून त्यांना क, ख, ग, घ, च, छ, ज म्हणू. आता ख वरच्या अंगाला आहे, त्यातून सरळ वर एक रेघ काढा. तिचं टोक प. च खालच्या अंगाला आहे, त्यातून सरळ खाली एक रेघ काढा. ती जिथे संपते तो ट. ट पासून खाली दोन रेघा फुटतात. उजवीकडची तिथेच संपते, तिचं टोक फ. डावीकडची ठ पर्यंत जाते आणि तिथून आणखी एक रेघ घेऊन ड ला थांबते. झाली आकृती.

ती वाचायची रीत अशी. जिथे रेघ वळते तिथे कार्बन, जिथे रेघ संपते तिथेही कार्बन, जिथे रेघेला फाटा फुटतो तिथेही कार्बन. रेघ म्हणजे दोन कार्बनमधला बंध. हायड्रोजन काढतच नाहीत, कारण ते आपोआप कळतात: प्रत्येक कार्बनला चार बंध हवेतच, तेव्हा रेघांनी जेवढे भरले नाहीत तेवढे हायड्रोजन. टोकावरच्या कार्बनला एकच रेघ लागलेली, म्हणून त्याला तीन हायड्रोजन. साध्या कोपऱ्याला दोन. तीन रेघा मिळतात त्या तिठ्याला एक.

नावाकडे वळण्याआधी मोजदाद उरकून घ्यावी, कारण फोटोतल्या चुका इथेच पकडल्या जातात. आपल्या आकृतीत टोकं पाच आहेत (क, प, फ, ड, ज), तिठे तीन (ख, च, ट) आणि साधे कोपरे चार (ग, घ, छ, ठ). एकूण बारा कार्बन. हायड्रोजन पंधरा अधिक तीन अधिक आठ, म्हणजे सव्वीस. सूत्र C₁₂H₂₆. वलय नसलेल्या आकृतीत आणखी एक ताळा चालतो: टोकांची संख्या तिठ्यांपेक्षा नेमकी दोनने जास्त असते. सरळ रेघेला दोनच टोकं. प्रत्येक तिठा एक टोक वाढवतो. चार रेघा मिळतात असा चौक असेल तर तो दोन वाढवतो. आपल्याकडे तीन तिठे, पाच टोकं. ताळा बसला.

तो बसला नाही तर आधी फोटोवर संशय घ्यावा. फोटो बाजूनं तिरका काढला की नागमोडी रेघ चपटी होते, आणि एखादा उथळ कोपरा सरळ रेघेत विरून जातो. एक कार्बन गेला. वहीची छापील आडवी रेघ एखाद्या काडीच्या टोकाला चिकटते आणि नसलेला बंध तयार होतो. पातळ कागदामागची शाई उमटली की एकेरी रेघ दुहेरी दिसते. आणि सर्वांत जास्त वेळा, खालची किंवा उजवीकडची शेवटची काडी चौकटीबाहेर कापली जाते. आपल्या आकृतीतला ड असा कापला गेला, तर उरलेली आकृतीही अगदी साळसूद दिसते. टोकं-तिठ्यांचा ताळाही तिला बिनबोभाट पास करतो, कारण आता ठ टोक झालेला असतो. प्रश्नात सूत्र दिलेलं असेल तरच ही चूक कळते. नसेल तर अख्ख्या पानाचा फोटो पुन्हा मागवणं हाच उपाय.

काही जण टोकाला अक्षरंही लिहितात: CH₃, Me किंवा Et. तिथे एक ठरलेली गफलत होते. रेघेचं टोक एक कार्बन म्हणून मोजलं जातं आणि वर लिहिलेलं CH₃ दुसरा. खरं तर ते अक्षर म्हणजेच ते टोक. Me म्हणजे एकच कार्बन, Et म्हणजे दोन. आणि टोकाला OH लिहिलेलं असेल तर तिथे कार्बन नाहीच, तिथे ऑक्सिजन आहे.

आता मुख्य काम: सर्वांत लांब साखळी. रेणूचं आडनाव म्हणा हवं तर, ते या साखळीतल्या कार्बनच्या संख्येवरून पडतं. पाच असतील तर पेन्टेन, सहा हेक्झेन, सात हेप्टेन, आठ ऑक्टेन. आपली आकृती पाहिली की डोळा क पासून ज पर्यंत सरसर धावतो. सात कार्बन, हेप्टेन, मग खाली लोंबतंय ते काहीतरी शाखा. इथेच बहुतेक जण फसतात. आडवं काढलं म्हणून ते मुख्य ठरत नाही. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि पाणी काटकोनात वळून निघून जातं. सरळ दिसतं तेच पात्र पुढे चालू राहतं, हा नियम तिथेही नाही आणि इथेही नाही. रेणूला तर आडवं-उभं असं काही नसतंच. काढणाऱ्यानं कागदावर जागा होती तशी रेघ ओढली, एवढंच.

डोळ्यावर विसंबू नये म्हणून कोणत्याही एका तिठ्यावर उभं राहून प्रत्येक हाताची लांबी मोजावी. च वर उभं राहा. डावीकडे घ, ग, ख, क असे चार. उजवीकडे छ, ज असे दोन. खाली ट, ठ, ड असे तीन. सर्वांत लांब दोन हात घ्या आणि स्वतःचा एक मिळवा: चार अधिक तीन अधिक एक, आठ. म्हणजे साखळी क-ख-ग-घ-च अशी येऊन खाली वळते आणि ट-ठ-ड करत संपते. ऑक्टेन. उजवीकडचे छ आणि ज, ज्यांना आपण मुख्य साखळीचे मानत होतो, ते आता दोन कार्बनची फांदी झाले. बाकीच्या तिठ्यांवर उभं राहून मोजलं तरी आठपेक्षा मोठा आकडा येत नाही, आणि एवढी खात्री एका मिनिटात होते.

हेप्टेनच्या वाटेनं गेलो असतो तर काय झालं असतं? खालच्या लोंबत्या भागात चार कार्बन, तोही स्वतः फाटलेला. मग ‘५-(ब्युटेन-२-इल)-२-मिथाइलहेप्टेन’ असं काहीतरी लिहावं लागलं असतं. गंमत म्हणजे या नावावरून कुणी आकृती काढली तर ती बरोबर निघते. सात, चार आणि एक मिळून बारा कार्बनही भरतात. म्हणजे कार्बनची बेरीज ही चूक पकडत नाही. पकडते ती फांदीची गुंतागुंत. फांदीच्या नावातच कंस आणि आकडे घालायची वेळ आली की थांबून विचारावं: ही फांदी खरोखर फांदी आहे, की मुख्य साखळीच तिच्यातून जातेय? साध्या शालेय आकृत्यांमध्ये बहुधा दुसरं उत्तर खरं निघतं.

पण नाव वाचून योग्यच रेणू काढता येत असेल तर ते चूक का मानायचं? कारण सगळ्यांनी एकच नाव काढावं, ही या नियमांची मूळ गरज आहे. एकोणिसाव्या शतकात सेंद्रिय पदार्थांची नावं सापडतील तिथून उचललेली होती. मुंग्यांपासून मिळालं म्हणून लॅटिन ‘फॉर्मिका’वरून फॉर्मिक आम्ल. पदार्थ थोडे होते तोवर हे चाललं. पण कार्बन वाढले की जुळण्या कशा फुगतात पाहा: C₁₂H₂₆ या एकाच सूत्रात बसणाऱ्या, जोडणी वेगळी असलेल्या ३५५ रचना होतात. त्यांना सूचीत शोधायचं तर दोन नावं परवडत नाहीत. १८९२ साली जिनिव्हात युरोपातल्या नऊ देशांचे चौतीस रसायनतज्ज्ञ जमले आणि सर्वांत लांब साखळीला नावाचा पाया करण्याची पद्धत तिथे ठरली. पुढे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ते काम हाती घेतलं आणि ते अजून चालूच आहे.

कधी दोन साखळ्या सारख्याच लांबीच्या निघतात. एक कार्बन घ्या, त्याला एका बाजूला तीन कार्बनची सरळ फांदी, दुसऱ्या बाजूला दोन कार्बनची सरळ, आणि तिसऱ्या बाजूला तीन कार्बनचीच पण मधोमध जोडलेली, म्हणजे आयसोप्रोपाइल. सहा कार्बनची साखळी इथे दोन वाटांनी मिळते. दोन कार्बनच्या फांदीतून गेलात तर बाहेर एकच फांदी उरते, पण ती आयसोप्रोपाइल, गुंतलेली. आयसोप्रोपाइलमधून गेलात तर बाहेर दोन फांद्या उरतात, एक इथाइल आणि एक मिथाइल, दोन्ही साध्या. नियम म्हणतो, जिच्यावर फांद्या जास्त ती साखळी घ्या. म्हणून नाव ३-इथाइल-२-मिथाइलहेक्झेन. नियम उलटा वाटतो, पण त्यामागचं कारण सरळ आहे: फांद्या जास्त म्हणजे प्रत्येक फांदी लहान, आणि फांदी लहान म्हणजे तिचं नाव सोपं.

आपल्या बारा कार्बनच्या रेणूकडे परत येऊ. साखळी ठरली, आता तिच्यावर आकडे घालायचे. दोनच पर्याय: क पासून सुरुवात किंवा ड पासून. क पासून मोजलं तर ख दुसरा, त्यावर मिथाइल. च पाचवा, त्यावर इथाइल. ट सहावा, त्यावर मिथाइल. संच २, ५, ६. ड पासून मोजलं तर ट तिसरा, च चौथा, ख सातवा. संच ३, ४, ७. दोन्ही संच चढत्या क्रमानं लिहायचे आणि पहिल्या आकड्यापासून तुलना करायची. पहिल्याच जागी २ आणि ३. दोन लहान, निकाल लागला. पुढचे आकडे बघायचेही नाहीत.

पुष्कळ शिकवण्यांमध्ये हा नियम ‘बेरीज कमीत कमी’ असा सांगितला जातो. आपल्या उदाहरणात तेरा विरुद्ध चौदा, म्हणजे तोही चालला. आणि चालतो म्हणूनच तो मेला नाही. पण दहा कार्बनची सरळ साखळी घ्या आणि दुसऱ्या, सातव्या आणि आठव्या कार्बनवर मिथाइल लावा. उलट बाजूनं मोजलं तर तेच ३, ४, ९ होतात. पहिल्या संचाची बेरीज सतरा, दुसऱ्याची सोळा. बेरजेवाला विद्यार्थी ३,४,९ लिहील आणि गुण गमावेल. बरोबर उत्तर २,७,८-ट्रायमिथाइलडेकेन, कारण पहिल्या फरकाच्या जागी दोन लहान आहे. मला विचाराल तर बेरजेची युक्ती वर्गात सांगूच नये. पहिला फरक शोधणं तिच्याहून कमी कष्टाचं आहे.

आता उरलं नाव लिहिणं. फांद्या तीन: एक इथाइल, दोन मिथाइल. त्या साखळीवर ज्या क्रमानं येतात त्या क्रमानं लिहीत नाहीत. रोमन वर्णमालेच्या क्रमानं लिहितात. इथाइल E नं सुरू होतं, मिथाइल M नं, म्हणून इथाइल आधी. पण मिथाइल दोन असल्यामुळे ते डायमिथाइल झालं, आणि D तर E च्या आधी येतो! इथे सांभाळायचं. डाय, ट्राय, टेट्रा ही फक्त मोजणी आहे, ती वर्णक्रमात धरत नाहीत. ती धरली तर ‘२,६-डायमिथाइल-५-इथाइलऑक्टेन’ निघतं, आणि उत्तरपत्रिकांमध्ये ते धडधडीत भेटतंही. बरोबर नाव:

```
5-ethyl-2,6-dimethyloctane
```

आकडा आणि आकडा यांच्यामध्ये स्वल्पविराम, आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये आडवी रेघ, आणि शेवटची फांदी साखळीच्या नावाला न तोडता जोडलेली. कोणती फांदी कुठे हे विसरायला नको म्हणून तीच रचना एका ओळीत लिहून ठेवली की पडताळा सोपा जातो:

```
(CH3)2CH-CH2-CH2-CH(C2H5)-CH(CH3)-CH2-CH3
```

आठ, दोन आणि दोन मिळून बारा. सुरुवातीच्या मोजदादीशी जुळलं.

वर्णक्रमाबद्दल मराठीतून विचार करणाऱ्यांना वेगळा इशारा द्यायला हवा. इथाइल-मिथाइलच्या जोडीत देवनागरीचा आणि रोमनचा क्रम योगायोगानं एकच निघतो, म्हणून धोका लक्षात येत नाही. चार कार्बनच्या साखळीवर दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी एक ब्रोमिन आणि एक क्लोरिन बसवा. आकडे कुठूनही मोजले तरी २, ३. बरोबरी झाली की वर्णक्रमात पहिल्याला लहान आकडा मिळतो. मनातल्या मनात देवनागरीत लावणाऱ्याला क हा ब च्या आधी, म्हणून तो क्लोरोला दोन देतो. रोमनमध्ये B आधी, C नंतर. नाव २-ब्रोमो-३-क्लोरोब्युटेन असं हवं. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकून अकरावीत आलेल्या मुलांची ही चूक अज्ञानाची नसते, त्यांचा क्रम त्यांच्या लिपीत अगदी बरोबर असतो.

आणखी एक बारकावा, मग हा विषय सोडतो. आयसोप्रोपाइल हे नाव वापरलं तर ते I खाली लावतात, कारण आयसो हा शब्दाचाच भाग धरला आहे. पण सेकंडरी आणि टर्शरी दाखवणारे sec- आणि tert- धरत नाहीत, tert-ब्युटाइल B खालीच जातं. आणि फांदीच स्वतः फाटलेली असून तिचं नाव कंसात लिहायची वेळ खरोखर आली, तर कंसातलं डायमिथाइल मात्र D खाली लावायचं, कारण तिथे ते फांदीच्या पूर्ण नावाचं पहिलं अक्षर आहे. तर्कानं यातलं थोडं पटतं, थोडं नुसतं लक्षात ठेवावं लागतं.

फोटोत दुहेरी रेघ दिसली तर लांब साखळीचा नियम थोडा डगमगतो, आणि याला फोटो काढणारा जबाबदार नाही. दोन कार्बनची एक फांदी, तीन कार्बनची दुसरी आणि दुहेरी बंधानं जोडलेला एकटा कार्बन, असे तिन्ही एकाच कार्बनला लागले आहेत असं समजा. शाळा-कॉलेजच्या बहुतेक पुस्तकांत शिकवतात की दुहेरी बंध साखळीत आलाच पाहिजे, भले ती आखूड होवो. मग साखळी पाचाची आणि नाव २-इथाइलपेन्ट-१-ईन. आययूपीएसीच्या २०१३ च्या शिफारशींनी लांबीला पहिला मान दिला. त्या हिशेबानं साखळी सहाची आणि नाव ३-मिथिलिडीनहेक्झेन. परीक्षेला बसणाऱ्यानं आपल्या पुस्तकाबरोबर जावं. संशोधनाचे लेख वाचणाऱ्यानं दोन्ही नावं ओळखीची ठेवावीत.

शेवटी, फोटो कितीही स्वच्छ असला तरी काही गोष्टी त्या आकृतीत नसतातच. आपल्या रेणूतल्या च कडे पाहा. त्याला लागलेले चार गट चार तऱ्हांचे आहेत: एक हायड्रोजन, एक इथाइल, डावीकडची लांब साखळी आणि खालचा फाटा. ट चंही तेच: हायड्रोजन, मिथाइल, इथाइल आणि वरचा सगळा भाग. अशा कार्बनभोवतीचे गट अवकाशात दोन प्रकारे मांडता येतात, आणि असे कार्बन दोन असल्यामुळे एकाच नावाखाली चार वेगळे रेणू उभे राहतात. त्यांच्यातला फरक दाखवायला R आणि S ही अक्षरं नावापुढे लावतात. पण त्यासाठी आकृतीत पाचरीसारखी जाड रेघ, म्हणजे वाचणाऱ्याकडे येणारा बंध, किंवा तुटक रेघ, म्हणजे मागे जाणारा बंध, काढलेली असावी लागते. साध्या सारख्या जाडीच्या रेघांवरून R-S लिहिणं म्हणजे निव्वळ अंदाज. तिथे नाव R-S शिवायच द्यावं. पाचर असेल तर मात्र फोटो आरशातून किंवा सेल्फी कॅमेऱ्यातून उलटा आलेला नाही ना, हे आधी पाहावं. साखळी, आकडे आणि वर्णक्रम यांना उलटा फोटो काहीच करत नाही, पण प्रत्येक R चा S होतो. पानावर कुठे अक्षरं लिहिलेली असतील, अगदी कोपऱ्यातली तारीख किंवा पानाचा आकडा, तर तो सुलटा वाचता येतो की नाही एवढं बघितलं तरी पुरतं.